मी रजेचा अर्ज नाही

मी एक चिठ्ठी बोलतेय. मंत्रालयातून निघालेली नाही, कोर्टातून आलेली नाही. एका आईनं आपल्या मुलीच्या वर्गशिक्षिकेला लिहिलेलं मी रेघांच्या वहीचं एक फाडलेलं पान. दोन्ही बाजूंनी भरलेलं. आता माझ्या घड्यांना भोकं पडायला आली आहेत आणि एका कोपऱ्यात जांभळा शिक्का आहे. तो शिक्का माझ्या नशिबी कसा आला, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म मोहाडीच्या अलीकडच्या एका गावात झाला. धान निघून गेलं होतं, बांध्या म्हणजे बांधांमधले शेताचे तुकडे रिकामे होते. शुभांगी गभणे अंगणातल्या खाटेवर बसून मला लिहीत होती. तिचा नवरा निकेश तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मशीन चालवतो. सासू कुंताबाई घरातलं सगळं चालवते. आणि खुशबू ही त्यांची मुलगी, सहावीतली, जिच्यासाठी मी जन्मले.

घरातली खुशबू म्हणजे बंद न होणारा रेडिओ. आजीला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची, बातमी आवडली नाही तर मध्येच बदलायचीसुद्धा. पण दिवाळीनंतर एके दिवशी वर्गात वाचताना ती एका शब्दावर अडखळली. बदली तासावर आलेले एक सर म्हणाले, शेळी यापेक्षा बरी बोलते. वर्ग पोट धरून हसला. सरांना ती गोष्ट संध्याकाळपर्यंतही आठवली नसेल. खुशबूला ती रोज सकाळी आठवायची.

सकाळ झाली की तिचं पोट दुखायला लागे. मळमळ सुरू होई. हात इतके गार की शुभांगी ते आपल्या हातात धरून चोळत बसे. आणि रविवारी काहीच नाही. या रविवारवरूनच घरात दोन पक्ष पडले. निकेशच्या मते हे शुद्ध नाटक होतं आणि त्याचं मूळ मोबाइलमध्ये होतं. हे तो मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगायचा. कुंताबाईच्या मते नजर लागली होती. तिनं मीठ-मिरची उतरवली. मग शेजारच्या मंगरूला बोलावलं, कारण बेंबी सरकली असावी अशी तिला दुसरी शंका होती. मंगरूनं तेल लावून पोट चोळलं आणि पोरगी बरी झाली असं जाहीर केलं. खरंच बरी झाली. शाळेची घंटा ऐकू येईपर्यंत.

शुभांगीनं दोन्ही पक्षांना बाजूला ठेवलं आणि मुलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, दोष नाही म्हणाले, आणि भंडाऱ्याच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई आधी खुशबूशी एकटीशी बोलल्या. नंतर शुभांगीला सांगितलं की हे नाटक नाही. भीती मनात येते तेव्हा शरीरही घाबरतं. पोट खरंच दुखतं, घसा खरंच आवळतो. घरी ठेवलंत तर आज बरं वाटेल, पण उद्याची भीती मोठी होईल. एकदम ढकललंत तरी तेच होईल. पायरी लहान हवी आणि ती रोज चढायला हवी. यात वर्गशिक्षिका सोबत नसेल तर काम अर्धंच राहील. तेव्हा त्यांना लिहून द्या. कधी होतं, काय होतं, कशानं बरं वाटतं.

घरी येऊन शुभांगीनं हे सांगितलं, तर निकेशनं स्वतःच अर्ज लिहायला घेतला. सरकारी कामात आपला हात चांगला आहे असा त्याचा समज होता. 'मा. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करतो की माझी मुलगी ही भित्री असून तिला सांभाळून घ्यावे.' शुभांगीनं वाचलं आणि त्या कागदात शेंगदाणे बांधून ठेवले.

कुंताबाईचं म्हणणं वेगळं होतं. "ताप आहे म्हून लिव. मनाचं लिवशीन त लोक पागल म्हणतीन. उद्या तिच्या लग्नाले आडवं येईन."

लग्नाची ही काळजी ज्या मुलीसाठी चालली होती, ती तेव्हा मांजरीच्या पिल्लाला दूध पाजत होती.

"आई, ताप लिवला त मॅडम गोळी देतीन," शुभांगी म्हणाली. "हिले गोळी नाई लागत."

आणि मग तिनं मला लिहिलं. तिनं काय लिहिलं ते जसंच्या तसं सांगते, कारण पुढं जे झालं ते सगळं यावरूनच.

'रत्नमाला मॅडमना नमस्कार. मी खुशबूची आई. वर्गात उभं राहून वाचायची किंवा उत्तर द्यायची वेळ आली की खुशबूला फार भीती वाटते. सकाळी पोट दुखतं, मळमळतं, हात गार पडतात, आवाज निघत नाही. ती मुद्दाम करत नाही. डॉक्टरांना दाखवलं, पोटात दोष नाही. भंडाऱ्याच्या समुपदेशक बाईंकडे नेतो आहोत. घरी ती चांगली वाचते. अचानक नाव घेतलं किंवा कोणी हसलं की बिघडतं.'

इथं माझी पहिली बाजू संपते. दुसऱ्या बाजूला असं आहे.

'तिला वाचनातून सूट देऊ नका. सूट दिली तर भीती वाढेल. फक्त काय वाचायचं ते आदल्या दिवशी सांगाल का? सुरुवातीला जागेवर बसून दोन ओळी वाचू द्याल का? फार घाबरं झालं तर ती कंपासपेटी बाकाच्या कोपऱ्यावर ठेवेल. तेव्हा काही न विचारता तिला पाणी प्यायला जाऊ द्यावं. ती परत येईल. "घाबरू नको" म्हटलं की तिला जास्त होतं. सगळ्यांसमोर कौतुकही नको. ही गोष्ट वर्गात सांगू नये. महिन्याभरानं मी येऊन भेटते, काय जमलं आणि काय नाही ते बोलू. घरून काय करायचं तेही सांगा. आपली, शुभांगी गभणे.' खाली मोबाइल नंबर.

लिहून झाल्यावर तिनं मला खुशबूला वाचून दाखवलं. तुझ्याबद्दल आहे, तुला चालेल का, असं विचारलं. खुशबूनं सगळं ऐकून एकाच ओळीवर बोट ठेवलं. 'ती रात्री उशीत तोंड खुपसून रडते.'

"हे नको," ती म्हणाली.

शुभांगीनं ती ओळ खोडली. कंपासपेटीची खूण मात्र खुशबूनंच सुचवलेली होती.

मग घरच्यांनी एक मोठा विचार केला. ज्या मुलीला मॅडमसमोर उभं राहायची भीती वाटते, तिच्याच हाती मला मॅडमकडे पाठवलं. मी भूगोलाच्या पुस्तकात बसून शाळेत गेले. मधल्या सुट्टीत खुशबू मला हातात घेऊन टेबलापर्यंत पोचली. मॅडमनी वर पाहून "काय गं?" विचारलं. खुशबू म्हणाली, "खडू आणू का?" आणि मॅडमना नको असलेला खडू घेऊन आली. मी परत भूगोलात. संध्याकाळी शुभांगीनं विचारलं की दिली का, तर उत्तर मिळालं की मॅडम कामात होत्या. हे रोज विचारलं जाई आणि ते उत्तर रोज खरंच असे.

शेवटी मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी शुभांगी मला घेऊन स्वतः शाळेत गेली.

रत्नमाला सेलोकर मॅडम वाईट नव्हत्या. हे मी पुढं त्यांच्या पर्समध्ये इतके दिवस राहिले म्हणूनच म्हणते आहे असं नाही. त्यांना शिकवायला आवडायचं, पण शिकवायला त्यांना उरलेला वेळ मिळायचा. त्या दिवशी, किती मुलांनी साबण लावून हात धुतले याची माहिती ऑनलाइन भरायची होती. शाळेत नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की मिळायचं. मॅडम टाकीच्या दुसऱ्या पायरीवर उभ्या, मोबाइलचा हात आभाळाकडे. दुसऱ्या हातानं त्यांनी मला घेतलं. शुभांगी काही सांगू लागली तेवढ्यात रेंज आली आणि मॅडमनी तिला हातानंच थांबायची खूण केली. साबणाचं काम झालं, तोवर रेंज गेली होती आणि शुभांगीचा ऑटोही सुटायला आला होता.

"पाहते ताई मी," मॅडम म्हणाल्या. त्यांच्याकडं येणारे बहुतेक कागद एकाच प्रकारचे असायचे. मुलीला ताप आहे, मामाकडे लग्न आहे, धान कापायचं आहे. तेव्हा त्यांनी वरचं 'नमस्कार' आणि खालची सही पाहिली, माझ्या डोक्यावर लिहिलं 'रजा मंजूर', आणि मला हजेरीपटात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत खुशबूच्या नावापुढं रजा लागली. ती तिसऱ्या बाकावर बसलेली होती. तिनं 'हजर' म्हटलंही, पण तिच्या आवाजात. तेव्हा शाळेच्या कागदावर ती घरी होती आणि शाळेच्या बाकावर ती शाळेत होती.

खुशबू त्या दिवशी पोट न दुखता आली होती, हे मला सांगायलाच हवं. मॅडमना आता सगळं माहीत आहे, असं तिला वाटत होतं. मराठीच्या तासाला एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं तसे तिचे हात गार पडले. तिनं कंपासपेटी काढली आणि बाकाच्या कोपऱ्यावर नीट ठेवली. मी हजेरीपटात, टेबलावर. मला बोलता आलं असतं तर तेव्हा बोलले असते.

मॅडम म्हणाल्या, "खुशबू, ती कंपास पडेल खाली. आत ठेव. आणि ऊठ, पुढचा परिच्छेद वाच."

खुशबूनं कंपासपेटी आत ठेवली. ती उठली. पुस्तक धरून उभी राहिली, ओठ हलले, आवाज नाही. कोणीतरी मागून शेळीसारखं ओरडलं. मॅडम त्याला रागावल्या आणि खुशबूला म्हणाल्या, "घाबरायचं काय त्यात? बस."

त्या संध्याकाळी खुशबूनं घरी काही सांगितलं नाही. शुभांगीनं विचारलं की मॅडमनी वाचली का चिठ्ठी, तर ती म्हणाली, "हो." तिला वाटलं, वाचूनही मॅडमनी तसंच करायचं ठरवलं आहे.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक मधुकर तितिरमारे सरांनी हजेरीपट तपासायला घेतला. रजेवरची मुलगी वर्गात बसली आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला बाहेर काढलं. मला वाचणारा शाळेतला तो पहिला माणूस. मला आनंद झाला. तो फार टिकला नाही.

सरांनी माझी पहिली बाजू वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. कारण असं होतं की वरून पत्र आलेलं होतं. प्रत्येक शाळेनं मुलांच्या मनःस्वास्थ्यावर कार्यक्रम घ्यावा आणि फोटो पाठवावेत. सर बरेच दिवस बेचैन होते. फोटो काढायला मोबाइल होता, बॅनरला निधी होता, फक्त ज्याच्या मनाचं काही बिघडलं आहे असं मूल सापडत नव्हतं.

"सेलोकर मॅडम, आपल्याकडे केस आहे की," ते म्हणाले.

त्यांनी मला आवक रजिस्टरला चढवलं. तो जांभळा शिक्का तेव्हाचा. मला उलटून पाहायचं त्यांच्या मनात आलं नाही. शिक्का मारलेल्या कागदाला मागची बाजू नसते, असा काही नियम असावा.

तुमसरहून बॅनर छापून आला. 'भितीमुक्त विद्यार्थी, आनंदी शाळा.' भीतीतली वेलांटी ऱ्हस्व पडली होती. सर म्हणाले, फोटोत कळत नाही.

परिपाठाला सगळी शाळा ओळीत उभी होती. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. मग सरांनी माइक हातात घेतला आणि दुसऱ्या हातात मला. आपल्यातल्या एका विद्यार्थिनीला वर्गात बोलायची भीती वाटते, तिच्या आईनं मोठ्या हिमतीनं हे कळवलं आहे, असं म्हणून त्यांनी मला वाचायला सुरुवात केली. पोट दुखतं, मळमळतं, हात गार पडतात. माझा एकेक शब्द कर्ण्यातून बाहेर पडून शेजारच्या तलावापर्यंत गेला. मग त्यांनी खुशबूला नावानं पुढं बोलावलं. मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. टाळ्या वाजल्या. सरांनी माइक तिच्या तोंडापुढं धरला.

"म्हण, मी आता घाबरत नाही. म्हण बेटा. पूर्ण शाळा तुझ्या पाठीशी आहे."

पूर्ण शाळा तिच्या पाठीशी नव्हती, समोर होती. खुशबूनं तोंड उघडलं आणि तिला उलटी झाली. सर पटकन मागे सरकले. फोटो काढणाऱ्या शिक्षकानं त्याआधीच बटण दाबलं होतं, त्यामुळे फोटो चांगला आला. खुशबू फाटकातून पळत घरी गेली. सरांनी आभारप्रदर्शन करून कार्यक्रम संपवला आणि फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली जोडलेले हात, टाळ्या आणि फुलांचे गुच्छ अशी पुष्कळ चित्रं पडली.

त्यानंतर खुशबू शाळेत आली नाही. पोट दुखतं असंही तिनं म्हटलं नाही. दप्तर धानाच्या कोठीमागे सरकवून ठेवलं आणि घरातही बोलायची थांबली. कुंताबाईनं पेपर पुढं केला तर ती तो नुसता घडी करून ठेवी.

मिलमध्ये दोघातिघांनी येऊन निकेशचं अभिनंदन केलं. पोरगी ग्रुपवर आली म्हणून. त्यानंही आधी छाती फुगवून फोटो उघडला. मग त्यानं मुलीचा चेहरा मोठा करून पाहिला. त्या दिवशी तो अर्ध्या पाळीतून घरी आला आणि नाटक हा शब्द त्यानं परत काढला नाही. शाळेत जाऊन सरांना सरळ करतो, असं म्हणून त्यानं गाडी काढली, मागे शुभांगीला बसवलं. शाळेचं फाटक आलं तशी त्याची गाडी हळू झाली. पंचवीस वर्षांपूर्वी तो याच शाळेत अंगठे धरून उभा राहिलेला होता.

"तूच बोल," तो म्हणाला. "मी गाडी पायतो."

शुभांगी एकटी ऑफिसात आली. मी टेबलावरच्या फायलीत होते, टाचणी लावलेली. सरांनी तिला बसा म्हटलं, चहा सांगितला. अशा पालकांचा सत्कार करायचा विचार आहे, तिनं सव्वीस जानेवारीला वेळ काढावा, असंही म्हणाले.

"सर, माही चिठ्ठी वापस द्या," शुभांगी म्हणाली.

सर म्हणाले, आता ती आवक झाली आहे, म्हणजे शाळेची झाली. परत हवी असेल तर तसा अर्ज द्यावा लागेल.

"मी शाळेले नोती लिवली. मॅडमले लिवली होती."

"ताई, आम्ही तिच्या भल्यासाठीच केलं. प्रोत्साहन द्यावं लागतं लेकरांना."

कोपऱ्यातल्या कपाटाशी रत्नमाला मॅडम उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून शुभांगीनं विचारलं, "मॅडम, तुमी वाचली का?"

मॅडमनी फाइल ओढली, टाचणी काढली आणि मला वाचलं. पहिली बाजू. मग उलटून दुसरी. कंपासपेटीच्या ओळीवर त्या थांबल्या आणि तिथून पुढं सरकायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी मला परत सुलट केलं. डोक्यावर त्यांच्याच अक्षरात 'रजा मंजूर' होतं.

"नव्हती वाचली, ताई," त्या म्हणाल्या. "आता वाचली."

सरांनी मान लांब करून पाहिलं. "मागंही लिहिलेलं होतं का?" त्यांना खरंच नवल वाटलं.

मॅडमनी मला घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवलं. सर म्हणाले, आवक कागद असा नेता येत नाही. मॅडम म्हणाल्या की मग 'मूळ पत्र वर्गशिक्षिकेकडे' असा कागद फायलीला लावा, आणि ग्रुपवरचा फोटो आजच काढा. सरांनी फोटो काढला. काढण्याआधी एकदा, त्याला किती लोकांनी टाळ्या दिल्या होत्या, ते पाहून घेतलं.

रविवारी मॅडम गभण्यांच्या घरी गेल्या. मी पर्समध्ये. खुशबू स्वयंपाकघराच्या दारामागे होती. मॅडमनी तिला हाक मारली नाही. कुंताबाई लाखोरीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या शेंगा सोलत होती, तिच्याजवळ बसून त्याही सोलू लागल्या. गप्पा झाल्या त्या धानाच्या आणि गुडघेदुखीच्या. बऱ्याच वेळानं खुशबू पाणी घेऊन बाहेर आली.

मॅडमनी पेला घेतला. "तू कंपास कोपऱ्यावर ठेवली होतीस, ती मी आत ठेवायला लावली," त्या म्हणाल्या. "तुझं बरोबर होतं. चूक माझी झाली."

खुशबू आत गेली नाही, तिथंच उभी राहिली.

मॅडमनी सांगितलं की उद्या पूर्ण दिवस नको, दुपारच्या खिचडीपर्यंत ये. दाराजवळच्या बाकावर, तुझी मैत्रीण रुपा हिच्या शेजारी. वाचायचं नाही, फक्त बसायचं. तुझं नाव मी अचानक घेणार नाही. मग पुढचं तू आणि मी ठरवू.

"सर माइक देतीन का?"

"नाही. ते मी पाहते."

शेंगेतले दाणे सुपात टाकत, कोणाकडे न पाहता कुंताबाई म्हणाली, "बँकेत अंगठा द्याचा असला त माहेबी हात गार पडतेत. साहेब पायत रायते म्हून." आणि तिनं परत नजरेचा विषय काढला नाही. मंगरूला मात्र वाईट वाटलं, कारण बेंबी त्यानं खरंच जागेवर बसवली होती.

सोमवारी खुशबू आली. पोट दुखत होतं तरी आली. एका पोरानं उठून विचारलं, "मॅडम, हिचा आजार बरा झाला का?" मॅडम म्हणाल्या, "गणिताची वही काढ," आणि फळ्याकडे वळल्या. त्यावर वर्गाला पुढं काही विचारता आलं नाही.

पुढचे दिवस हळू गेले. आधी खुशबूनं रुपाच्या कानात वाचलं. मग सुट्टीत, मॅडमच्या टेबलाजवळ, दोघीच असताना. उतारा आदल्या दिवशी ठरायचा आणि शुभांगी तो घरी एकदाच वाचून घ्यायची. दहादा वाचून घ्यायचा नाही, असं समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं. कधी चार दिवस चांगले जात आणि पाचव्या दिवशी कंपासपेटी पुन्हा पुन्हा कोपऱ्यावर येई. मॅडम मान हलवत, खुशबू टाकीवर जाई, पाणी पिई आणि परत येई. काही पोरांनी आपल्याही कंपासपेट्या कोपऱ्यावर ठेवून पाहिल्या. मॅडमनी त्यांनाही पाणी प्यायला पाठवलं. दोन दिवसांत त्यांची तहान भागली.

ठरल्याप्रमाणे शुभांगी महिन्यानं आली. दोघींनी टाकीजवळ उभं राहून, मोबाइल खाली ठेवून, काय जमलं आणि काय नाही ते बोलून घेतलं. बाहेर फाटकाशी निकेश गाडी पाहत होता.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. मराठीचा तास होता. सर व्हरांड्यातून येत होते, मोबाइल तयारीत. मॅडमनी उठून दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसल्या. ओळीनं वाचन चालू होतं, आणि खुशबूला आदल्या दिवसापासून माहीत होतं की रुपाच्या आधी आपण. तिची पाळी आली. तिनं बसल्या जागी वाचायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण होता. चौथ्या ओळीत एका जोडाक्षरावर ती अडली. मागं कोणी तरी फिसकन हसलं.

खुशबू थांबली. तिचा हात कंपासपेटीवर गेला.

मॅडमनी पुस्तकातून मान वर केली नाही. वर्गाला वाटलं असेल, त्या पुढची ओळ वाचताहेत. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, पर्स मांडीवर होती. खुशबूनं हात कंपासपेटीवर तसाच ठेवला, तो शब्द तोडून तोडून परत वाचला, आणि उरलेला परिच्छेद संपवला.

"पुढं रुपा," मॅडम म्हणाल्या.

बस्स, एवढंच. इतकं चांगलं वाक्य मी या शाळेत दुसरं ऐकलं नाही.

आता परीक्षा झाल्या आहेत. मुलं सातवीत जाणार, आणि सातवीला शिक्षक कमी म्हणून तो वर्ग स्वतः तितिरमारे सरांनी घेतला आहे. ही बातमी कळल्यावर शुभांगी मॅडमकडे धावत आली. मॅडमनी मला पर्समधून काढलं आणि म्हणाल्या, हीच चिठ्ठी सरांना देऊ, मी सोबत बसून वाचून घेईन त्यांच्याकडून. खुशबू शेजारी उभी होती. तिनं मला हातात घेतलं आणि पहिल्यांदाच स्वतः पूर्ण वाचलं. खोडलेली ओळसुद्धा प्रकाशात धरून पाहिली.

"हे जुनं झालं," ती म्हणाली. "आता मी बसून वाचतो. सातवीत उभं राहून वाचाचं आहे, पण पयला नंबर नको. नवीन लिवा." थोडा विचार करून ती पुढं म्हणाली, "आणि थोडकं लिवा. सर एकच बाजू वाचतेत."

शुभांगीला हसू फुटलं. मॅडमनी हसणं पदराआड ढकललं, कारण शेवटी ते त्यांचे मुख्याध्यापक होते.

तर आज मी टेबलावर आहे आणि माझ्या शेजारी एक कोरं पान आहे. खुशबू सांगते आहे, शुभांगी लिहिते आहे. माझ्यातलं अर्ध्याहून जास्त आता खरं राहिलेलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या या नव्या बहिणीची मात्र काळजी वाटते. ती उद्या जिथं जाणार आहे, तिथं शिक्क्याची पेटी टेबलावर उघडीच असते. तुमच्यापैकी कोणी शिक्षक असाल, साहेब असाल, नाही तर नुसते शेजारी असाल, आणि अशी एखादी तुमच्या हाती आली, तर तिला कोणासमोर वाचू नका. दार लोटून घ्या आणि एकटे बसून वाचा. फार वेळ लागत नाही.

मला आता घडी घालताहेत. येते मी.